बावीस अक्षरांचा दुष्काळ

माझ्या सातवीच्या भूमितीच्या वहीची शेवटची चार पानं आबांनी लिहिलेली आहेत. वही 1973 सालची. पुढं माझे त्रिकोण आणि लंबदुभाजक, मागं आबांच्या पेन्सिलीचं ठसठशीत, काना-मात्रा जिथं सुचेल तिथं दिलेलं अक्षर. आबा म्हणजे माझे आजोबा. चौथीपर्यंत शिकलेले. गावच्या भजनात पन्नास वर्षं टाळ वाजवला, पण स्वतः एक ओळ कधी रचली नव्हती. त्या वर्षी मात्र त्यांनी चार कडवी रचली आणि ती चालीत बसवण्यासाठी आमच्या ओसरीवर आठ रात्री जागवल्या. त्या आठ रात्रींत काय काय कापलं गेलं, त्याची ही गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ पुस्तकांत वाचायला मिळतो. आमच्या गावात तो कसा होता, हे मला त्या खोडलेल्या ओळींनी सांगितलं.

बहात्तरला पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. एकाहत्तरही तसाच गेला होता. दिवाळीपर्यंत वरच्या आळीच्या विहिरींचा तळ दिसू लागला. गावाच्या उत्तरेला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सारं गाव तिथं माती वाहायला लागलं. माझी आई, चुलती, आबासुद्धा. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. कामावर सुकडी वाटायचे. आम्हा पोरांना ती आवडायची, कारण गोड लागायची.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. श्रावणात सप्ताह बसणार, काल्याच्या दिवशी मोठं भजन होणार असं ठरलं. तेव्हा आबा म्हणाले, "औंदा काल्याला दुष्काळाचा अभंग म्हणायचा. देवाला सांगू तरी काय काय झालं त्ये." लोक हसले. पण आबांनी माझी वही मागून घेतली आणि दोन दिवसांत चार कडवी लिहून वीणेकरी नानांपुढं ठेवली. नाना आणि आबा बालमित्र. नाना सातवी पास, गावातली पोथी तेच वाचत आणि चालीचं ज्ञान त्यांना उपजत होतं.

नानांनी पहिलं कडवं वाचलं. ते असं होतं :

बहात्तर सालचा दुष्काळ पडला
विहिरी आटल्या गावातल्या
नाही पाऊस नाही पीक
देवा काय रे केलंस

"कुठल्या चालीवर म्हणायचं ह्ये?" नानांनी विचारलं.

"हरिपाठाच्या. रोजचीच की आपली."

नानांनी मला जवळ बोलावलं आणि बोटं मोजायला लावली. अक्षर मोजायचं कसं, हे मी त्या रात्री शिकलो, शाळेत नव्हे. जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर. 'त्त' एक, 'ष्का' एक. अनुस्वाराचं वेगळं काही मोजायचं नाही. पण कान्याविना असलेलं साधं अक्षर मात्र पूर्ण एक धरायचं, तोंडानं आपण ते खाल्लं तरी. मी मोजलं. पहिली ओळ तेरा, दुसरी दहा, तिसरी नऊ, चौथी आठ.

"आणि पायजेत किती?" नाना म्हणाले. "सहा, सहा, सहा, चार. एकूण बावीस. तुझ्या आज्यानं चाळीस घातल्यात."

ज्या साच्यात हरिपाठ आहे, ज्यात नामदेवांपासून तुकोबांपर्यंत साऱ्यांनी हजारो अभंग रचले, तो हाच साचा. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा धाकटा अभंगही असतो, पण त्याची चाल निराळी. आमच्या गावची जी चाल होती तिचा हिशेब नानांनी टाळावर दाखवला. पखवाजाच्या भजनी ठेक्याचं एक आवर्तन आठ मात्रांचं. सहा अक्षरांच्या चरणात पहिली चार अक्षरं एकेक मात्रा घेतात, शेवटची दोन दोन-दोन मात्रा लांबतात. चार आणि चार, आठ. शेवटच्या चरणात चारच अक्षरं, म्हणून प्रत्येक दोन मात्रा लांबतं. तेही आठच. म्हणजे एक कडवं बरोबर चार आवर्तनांत बसतं आणि पाचव्या आवर्तनाच्या समेवर पुढचं कडवं सुरू होतं.

आता त्या आठ मात्रांत तेरा अक्षरं कोंबली तर काय होतं, ते नानांनी म्हणूनच दाखवलं. 'बहात्तरसालचादुष्काळ' एवढं घाईनं एका दमात जातं, 'पडला' पुढच्या आवर्तनात सांडतं, आणि टाळकरी समेवर येतात तेव्हा गाणारा अजून पहिल्याच ओळीत असतो. पखवाजवाला मग हात आखडतो. मागं म्हणणारे चाळीस लोक असतात, त्यांतले निम्मे पुढं जातात आणि निम्मे मागं राहतात. एकटा गवई चार अक्षरं जास्तीची गिळू शकतो, पण दिंडीला ते जमत नाही. समुदायानं म्हणायच्या गाण्याला मोजमाप लागतं ते याचसाठी.

आबांना हे पटेना. ते म्हणाले, "मी तर म्हणून बघितलंय, बसतंय की." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. खरंच बऱ्यापैकी बसत होतं. नानांनी कारण ओळखलं. आबा बोलीत मोजत होते. 'बहात्तर' लिहिलं तर चार अक्षरं, पण बोलताना शेवटचा 'र' पाय मोडून येतो, तीनच ठोके पडतात. 'आटल्या' तीन, तोंडात 'आट्ल्या' दोन. 'डोईवर' चार, तोंडात तीन. अभंग गाताना मात्र प्रत्येक अक्षर उघडं करून, सारखंच वजन देऊन म्हणायचं असतं. माधव जूलियनांनी 'छंदोरचना'त अक्षरछंदाबद्दल हेच सांगितलं आहे, की त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरत नाही, साऱ्या अक्षरांचा उच्चार गुरू होतो. नानांनी ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. ते म्हणाले, "बोलताना अक्षर मरतंय, गाताना जितं व्हतंय. मेलेली मोजू नकोस."

मग कापाकापी सुरू झाली. नानांनी पहिला चरण केला 'पडला दुष्काळ'. प-ड-ला-दु-ष्का-ळ, सहा. दुसरा 'आटल्या विहिरी'. 'गावातल्या' गेलं, कारण विहिरी गावातल्याच असणार. तिसऱ्या चरणाला 'री'चं यमक हवं होतं. आई आतून म्हणाली, "घागरी म्हणा की. रिकाम्या घागरी घेऊन आम्ही किती हिंडलो." 'मोकळ्या घागरी', सहा. आणि 'देवा काय रे केलंस' या आठ अक्षरांची चार करायला 'देवराया' एवढंच पुरलं.

पण आबा अडून बसले. "साल गेलं. बहात्तर साल गेलं. पन्नास वर्सांनी कुणाला कळंल कवाचा दुष्काळ?"

"देवाला साल कशाला सांगायचं?"

"देवाला न्हाई, पोरांना."

नाना विचारात पडले. मग मीच बोटं मोजत म्हणालो, "बहात्तर साली. सहा होतात." दोघंही माझ्याकडं बघत राहिले. 'दुष्काळ' हा शब्द काढून टाकला तर साल ठेवता येत होतं. विहिरी आटल्या आणि घागरी मोकळ्या म्हटल्यावर दुष्काळ वेगळा सांगायची गरज उरतच नव्हती. ओळ छाटताना आधी निष्कर्ष काढावा आणि वस्तू ठेवाव्यात, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण पुढं कितीतरी ठिकाणी उपयोगी पडलं.

बहात्तर साली । आटल्या विहिरी ।
मोकळ्या घागरी । देवराया ॥

दुसरं कडवं कामाचं. आबांचा खर्डा होता : तलावाच्या कामावर सारं गाव गेलं, पोरंसोरं डोईवर पाट्या वाहती, सुकडी खाल्ली मिलो खाल्ला, पोट काही भरंना. अक्षरं चौदा, तेरा, नऊ, सात. एकूण त्रेचाळीस. इथं नानांनी क्रियापदं उडवली. 'गेलं', 'वाहती', 'खाल्ली' ही सगळी गेली तरी चित्र तसंच राहत होतं. 'तलावाचे काम', 'डोईवर पाटी'. 'काम'चा 'म' दोन मात्रा लांबवताना तोंड मिटतं, पण पहिल्या चरणाला यमक नसतं, म्हणून खटकत नाही. तिसऱ्याला 'टी' हवी. 'मिलो गेला पोटी.' सुकडी गेली. त्या सुकडीसाठी मीच थोडा रडवेला झालो होतो, पण एका चरणात दोन धान्यं मावेनात.

तलावाचे काम । डोईवर पाटी ।
मिलो गेला पोटी । पांडुरंगा ॥

तिसरं कडवं उलट्या रोगाचं निघालं. माघात आबांनी बैलजोडी विकली होती. वैरणीअभावी. त्यावर त्यांनी लिहिलं होतं : माझ्या दाव्याची, सुटली जोडी, वैरणीची काडी, दिसेना. पाच, पाच, सहा, तीन. एकोणीसच अक्षरं. जिथं सांगण्यासारखं पुष्कळ होतं तिथं आबा लांबले होते, आणि जिथं बोलवत नव्हतं तिथं तोकडे पडले होते. तोकडी ओळ म्हणताना गाणारा कुठलं तरी अक्षर ताणतो, आणि चाळीस जण चाळीस ठिकाणी ताणतात.

लांबवायला जुन्या बोलीनं सोय करून ठेवलेली आहे. 'माझ्या'चं 'माझिया' केलं की एक अक्षर वाढतं. 'देवाच्या'चं 'देवाचिया', 'करून'चं 'करूनिया', तसंच. मधे 'गा', 'बा', 'रे' घालता येतं. 'दिसेना'त 'चि' घातला की 'दिसेचिना'. संतांच्या अभंगांत ही रूपं भाविकपणासाठी आली असं मला वाटायचं. त्या रात्री कळलं की ती सुताराच्या पाचरीसारखीही कामाला येतात. पण नानांनी बजावलं, "पाचर एका कडव्यात दोन-तीनच. जास्ती मारल्या तर पाटाला निस्त्या पाचरीच दिसत्यात."

माझिया दाव्याची । सुटली गा जोडी ।
वैरणीची काडी । दिसेचिना ॥

हे कडवं जमलं तेव्हा आबा उठून गोठ्यात गेले. गोठा रिकामाच होता. बऱ्याच वेळानं परत आले.

चौथ्या कडव्याला खरी अडचण आली. खर्डा असा होता :

वेशीबाहेरच्या विहिरीचं पाणी साऱ्या गावानं प्यालं
ज्यांना आम्ही शिवत नव्हतो त्यांनीच आम्हाला जगवलं

एकोणीस आणि वीस. एकोणचाळीस अक्षरं. हे वाचल्यावर ओसरीवर बसलेली पाच-सहा माणसं गप्प झाली.

घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात बौद्धवस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. गाव चढावर, वस्ती उतारावर. एरवी सारा कचरा आणि पाणी त्यांच्याकडं वाहत जायचं. पण दुष्काळात हाच उतार कामाला आला. वरच्या विहिरी खडकाला लागल्या तरी ओढ्याकाठच्या त्यांच्या विहिरीत रात्रभर झरून पहाटे दोन-तीन हात पाणी साठायचं. चैत्रापासून वरच्या आळीच्या बाया तिथं घागरी घेऊन उभ्या राहू लागल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्याच विहिरीचं पाणी तीन महिने सारं गाव प्यालं, मृगाचा पाऊस येईस्तोवर. नंतर त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मंडळींतला एक जण म्हणाला, "आबा, ह्ये काय चालीत बसायचं न्हाई. लई लांब हाय. तीनच कडवी ठेवा." दुसरा म्हणाला, "खरंच. एकोणचाळीसची बावीस कशी करणार?" तोच माणूस मघाशी चाळीसची बावीस होताना टाळ्या देत होता.

नानांनी मात्र प्रयत्न केला. 'वेशीबाहेरची' सहा. 'विहीर पावली' सहा. 'तहान भागली' सहा. 'गावाची या' चार. यमकही जुळलं. म्हणायलाही गोड, कुठं अडत नव्हतं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आबा तेवढे मान हलवत राहिले.

"नाना, विहीर पावली न्हाई. माणसं पावली."

मला आजही वाटतं, छाटणीतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. ओळ मापात बसली, गोड झाली, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण नानांच्या कडव्यात विहीर आपोआप पावत होती. शिवाशीव कुठं नव्हती, आणि माणूसही नव्हता. अक्षरं सतरा कमी झाली होती, पण त्यांच्याबरोबर गाऱ्हाणंच निघून गेलं होतं.

ते कडवं तीन रात्री चाललं. आबांनी नानांना अट घातली, 'शिवत नव्हतो' हे राहिलं पाहिजे. मग तिथूनच सुरुवात केली. 'ज्यांना शिवलो ना' होतं सहा, पण 'ना'वर दोन मात्रा थांबलं की नकार ताणल्यासारखा वाटे. उलटं केलं, 'शिवलो ना ज्यांना'. आता लांबणारी अक्षरं 'ज्यां' आणि 'ना', म्हणजे ती माणसं. दुसऱ्या चरणात 'त्यांच्या विहिरी' पाचच भरत होती, 'त्यांचिया'ची पाचर मारून सहा झाली. 'विहिरी' म्हणजे जुन्या बोलीत 'विहिरीवर', जसं 'द्वारी', 'घरी'. आणि यमकाला पुन्हा 'घागरी' आली, या वेळी 'भरल्या घागरी'. पहिल्या कडव्यातल्या मोकळ्या घागरी शेवटच्या कडव्यात भरल्या. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, साच्यानंच ते करवून घेतलं.

शेवटची चार अक्षरं उरली. नाना म्हणाले, 'गावाने या'. आबा म्हणाले, "गाव गाव काय करतोस? गाव म्हंजे कोण? तू आन् मी. आम्ही म्हण." म्हणून झालं 'आम्ही देवा'.

शिवलो ना ज्यांना । त्यांचिया विहिरी ।
भरल्या घागरी । आम्ही देवा ॥

अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव घालायची रीत असते. नाना म्हणाले, एक कडवं अजून कर, तुझी मुद्रा घालू. आबांनी नको म्हटलं. "सही कशाला? माझ्या एकट्याचा दुष्काळ होता व्हय?" त्यामुळं अभंग बिनमुद्रेचाच राहिला.

काल्याच्या दिवशी चारही कडवी म्हटली. पहिलं कडवं धृपद म्हणून घेतलं होतं. चौथ्या कडव्यावरून पुन्हा 'बहात्तर साली'वर येताना 'री'ला 'री' लागून चाल अशी अलगद जुळत होती की टाळकऱ्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चौथं कडवं सुरू झालं तेव्हा मंडपातून सात-आठ माणसं उठून गेली. लघवीला गेली असतील असं आबा नंतर म्हणाले, आणि हसले. वस्तीतली माणसं त्या काळी पाराच्या पलीकडं उभी राहायची. त्यांनी काय ऐकलं, त्यांना काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आबा 1979 साली गेले, मागोमाग नाना. अभंग मात्र राहिला. आजही श्रावणात म्हणतात. पण तीनच कडवी. मी नोकरीनिमित्त बाहेर होतो, निवृत्तीनंतर गावी आलो तेव्हा लक्षात आलं. विचारलं तर मंडळातला एक जाणता माणूस सहज म्हणाला, "चौथं एक होतं म्हणतात. पण ते चालीत बसत नव्हतं, म्हणून जुन्या लोकांनीच गाळलं."

मी घरी आलो, ट्रंकेतून वही काढली आणि बोटं मोजली. सहा, सहा, सहा, चार. बावीस. जितकी पहिल्या कडव्याची तितकीच. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक बरोबर. लांबणाऱ्या जागा बरोबर. ठेक्यावर चार आवर्तनं, ना एक मात्रा कमी ना जास्त. चालीत बसत नाही हे कारण खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे बोटांवर दाखवता येत होतं. गावोगावच्या जुन्या गाण्यांत असं गळालेलं कडवं असेल तर ते आधी मोजून बघावं. खरंच जे बसत नाही, त्याच्या ओळी वेड्यावाकड्या सापडतात. मापात असूनही जे गाळलेलं असतं, त्याचं कारण चालीच्या बाहेर शोधावं लागतं.

वही घेऊन मी वस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींकडं गेलो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. दुष्काळात ते कॉलेजात होते. त्यांनी आधी साफ केलेलं कडवं वाचलं. मग आबांचा खर्डा वाचला. बराच वेळ दोन्हींवर बोट फिरवत राहिले.

"तुमच्या आबांनी लिहिलं हे चांगलं केलं," ते म्हणाले. "पण एक विचारू? घागरी तुम्ही भरल्या?"

मला समजलं नाही.

"त्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. पहाटे तीनला माझी आई आणि दोन बाया दोरानं खाली उतरायच्या. वाटीनं पाणी भरून पोहरा वर द्यायच्या. वर आमच्या बाया तुमच्या बायांच्या घागरी भरायच्या. आधी तुमच्या, मागनं आमच्या, कारण तुमच्या बायांना उजाडायच्या आत घरी जायचं असायचं. इथं लिहिलंय 'भरल्या घागरी आम्ही'. खर्ड्यात बघा, आबांनी लिहिलं होतं 'त्यांनीच आम्हाला जगवलं'. ते कुठं गेलं?"

मी वहीकडं बघत राहिलो. ते सतरा अक्षरांबरोबर गेलं होतं. तीन रात्री जागून आम्ही शिवाशीव वाचवली, कबुली वाचवली, आणि ज्यांनी पाणी काढलं त्यांचं काम आमच्या नावावर चढवलं. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. 'गाव' या शब्दाआड लपायचं नाही म्हणून त्यांनी 'आम्ही' घातलं होतं. पण कबुली देता देता श्रेयही घेतलं गेलं होतं, आणि ओळ मापात असल्यामुळं कुणालाच खटकलं नव्हतं.

मी गुरुजींना म्हणालो, आता काय करायचं, चालीत कसं बसवायचं. ते हसले. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. "दोन अक्षरं बदला," म्हणाले, आणि माझ्याच पेन्सिलीनं वहीत 'आम्ही'च्या खाली लिहिलं : त्यांनी.

शिवलो ना ज्यांना । त्यांचिया विहिरी ।
भरल्या घागरी । त्यांनी देवा ॥

आम्ही, दोन अक्षरं. त्यांनी, दोन अक्षरं. कबुली कुठं गेली नाही, ती 'शिवलो'मध्ये पहिल्याच शब्दात होती. आबांनी ती दोनदा घातली होती आणि त्या दुसऱ्या वेळेत गुरुजींच्या आईची जागा गेली होती.

गेल्या श्रावणात वीणा माझ्या खांद्यावर होती. तिसरं कडवं संपलं, मंडळी सवयीनं धृपदाकडं वळणार तोच मी चौथं धरलं. मागच्यांना शब्द ठाऊक नव्हते, पण चाल रोजचीच, म्हणून दुसऱ्या आवर्तनाला सगळे आले. टाळ कुठं अडला नाही. भजन संपल्यावर एका तरुण पखवाजवाल्यानं विचारलं, "हे नवीन रचलं का?" मी म्हटलं, नाही, जुनंच आहे. मग त्याला वही दाखवली. आता मी कुणालाही हा अभंग देतो तेव्हा साफ कडव्याबरोबर आबांचा एकोणचाळीस अक्षरांचा खर्डाही उतरवून देतो.